फॉगर चालू, तरी पॉलीहाऊस तापलेलेच: नेमके कुठे बिघडले ते कसे शोधावे

मार्च ते मे या काळात नैसर्गिक वायुवीजनाच्या पॉलीहाऊसमध्ये एक तक्रार हमखास येते. दुपारी फॉगर चालू असतात, आत धुके दिसते, पण तापमान ३५-३६ अंशांखाली यायला तयार नसते. मग फॉगरची वेळ वाढवली जाते आणि त्रास आणखी वाढतो. उद्यानविद्येच्या विद्यार्थ्यांनी हा बिघाड नीट समजून घ्यावा, कारण तापमान, आर्द्रता आणि हवेची ये-जा यांचे नाते याच एका बिघाडात पूर्ण उलगडते. खालचे विवेचन दहा गुंठ्यांच्या (साधारण १,००० चौरस मीटर) जरबेराच्या पॉलीहाऊसला धरून आहे. गुलाब किंवा ढोबळी मिरची असेल तर पिकाची तापमानाची मर्यादा बदलेल, तपासण्यांचा क्रम तोच राहील.

लक्षणे

दुपारी बारानंतर आत शिरताच घुसमटल्यासारखे होते. घाम अंगावर वाळत नाही. झाडे कोमेजलेली दिसतात, पण माती किंवा माध्यम ओलेच असते, त्यामुळे पाणी कमी पडल्याचा चुकीचा निष्कर्ष निघतो. गादीवाफ्यांच्या मधल्या वाटा फॉगरच्या थेंबांनी चिखलतात. फुलांचे दांडे आखूड राहतात, पाकळ्यांचा रंग फिकट होतो. पॉलीहाऊसच्या कडेची झाडे बरी आणि मधल्या पट्ट्यातली वाईट, असा फरक दिसला तर ते या बिघाडाचे फार बोलके लक्षण समजावे. संध्याकाळी पाने ओली राहतात, पहाटे छतावरून पाणी ठिबकते आणि आठवडा-दोन आठवड्यांत फुलांवर राखाडी बुरशी दिसू लागते.

यातली एक-दोन लक्षणे इतर कारणांनीही येतात. कडेची आणि मधली झाडे वेगळी दिसणे, घुसमट होणे आणि वाटा ओल्या असणे ही तीन एकत्र आली तर बिघाड हाच धरून पुढे जावे.

आधी मोजा: कोरडा बल्ब आणि ओला बल्ब

फक्त तापमान पाहून या बिघाडाचे निदान होत नाही. दोन साधे थर्मामीटर लागतात. एकाच्या बल्बवर मलमलीचे स्वच्छ कापड गुंडाळून त्याचे टोक ऊर्ध्वपातित पाण्याच्या छोट्या बाटलीत सोडायचे. पाण्याची वाफ होताना उष्णता घेतली जाते, म्हणून ओला बल्ब कोरड्यापेक्षा कमी तापमान दाखवतो. हवा जितकी कोरडी, तितका हा फरक मोठा. मोजताना पुठ्ठ्याने तीन-चार मिनिटे वारा घाला, नाहीतर ओल्या बल्बभोवती दमट हवा साचून आकडा चढा येतो. विहिरीचे क्षारयुक्त पाणी वापरले तर कापडावर क्षार बसतात आणि तसेच होते.

ही जोडी पिकाच्या शेंड्याच्या उंचीवर, थेट ऊन आणि फॉगरचे थेंब लागणार नाहीत अशी, पॉलीहाऊसच्या मध्यभागी टांगा. दुपारी एक ते दोनच्या दरम्यान आतले दोन्ही आकडे घ्या. लगेच बाहेर झाडाच्या सावलीत तसेच दोन आकडे घ्या. या चार आकड्यांवर पुढचे सगळे निदान उभे आहे.

एप्रिलमधल्या पुणे परिसरातल्या कोरड्या दुपारचे प्रातिनिधिक आकडे घेऊ. बाहेर कोरडा बल्ब ३८, ओला २१, म्हणजे सापेक्ष आर्द्रता सुमारे २० टक्के. बिघडलेल्या पॉलीहाऊसमध्ये कोरडा ३६, ओला ३१, म्हणजे आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास.

पहिल्या नजरेला वाटते की आत बाहेरपेक्षा दोन अंश कमी आहेत, म्हणजे फॉगर थोडेफार काम करतो आहे. पण ओला बल्ब पाहा. बाहेर २१, आत ३१. हा दहा अंशांचा फरक हाच खरा आजार आहे.

कारण असे. फॉगरमुळे पाण्याची वाफ होते तेव्हा हवेची जाणवणारी उष्णता वाफेत दडते. कोरडा बल्ब उतरतो, आर्द्रता चढते, पण ओला बल्ब जवळजवळ जागेवर राहतो. फॉगर हवेला फार तर तिच्या ओल्या बल्बच्या तापमानापर्यंत आणू शकतो, त्याखाली नाही. ओला बल्ब वर ढकलतो तो सूर्य. तो खाली आणायला एकच मार्ग आहे: आतली उष्ण आणि दमट हवा बाहेर काढून बाहेरची हवा आत घेणे. म्हणून आतला आणि बाहेरचा ओला बल्ब यांतला फरक हे वायुवीजनाचे मोजमाप आहे, तर आतल्या कोरड्या आणि ओल्या बल्बमधला फरक म्हणजे फॉगरला अजून किती काम करता येईल याचे मोजमाप.

यावरून दोन वाटा निघतात:

- आतल्या कोरड्या-ओल्या बल्बमध्ये ४-५ अंश किंवा त्याहून कमी फरक आहे आणि तरी तापमान चढे आहे: हवा अडली आहे. फॉगर वाढवू नका. तपासणी १ ते ३ करा.
- हा फरक ८ अंशांहून जास्त आहे आणि तापमान चढे आहे: हवा कोरडी आहे, पाणी वाफ होऊन हवेत पोहोचत नाही. तपासणी १ करून थेट ४ वर जा.

हवा अडली की फॉगर का हरतो, याचा ढोबळ हिशेब एकदा मांडून पाहावा. दहा गुंठ्यांच्या पॉलीहाऊसची सरासरी उंची ५ मीटर धरली तर आत ५,००० घनमीटर हवा असते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. त्या हिशेबाने सगळी हवा १० अंशांनी थंड करायला जेमतेम २२ लिटर पाणी पुरते. पण शेडनेट ओढूनही दर चौरस मीटरला ३०० वॅट उष्णता आत येत असेल, तर तेवढीच उष्णता सूर्य तीन मिनिटांत परत भरून काढतो. म्हणजे दर मिनिटाला सात-आठ लिटर पाण्याची नवी वाफ झाली पाहिजे आणि तेवढी वाफ दर मिनिटाला बाहेरही गेली पाहिजे. ती गेली नाही तर दमट हवेत पुढचे थेंब वाफ न होता पानांवर आणि वाटेवर पडतात. चिखल तिथून येतो.

तपासणी १: सेन्सर कुठे टांगला आहे? (खर्च शून्य)

कंट्रोलरचा सेन्सर गटरच्या खांबाला, उन्हात किंवा फॉगरच्या तोंडाखाली लावलेला सापडतो. उन्हातला सेन्सर हवेचे नाही, स्वतःच्या तापलेल्या आवरणाचे तापमान सांगतो आणि फॉगर अकारण चालू ठेवतो. थेंब पडणारा सेन्सर याच्या उलट करतो. थर्मामीटरची जोडी सेन्सरच्या शेजारी टांगून आकडे ताडून पाहा. दीड-दोन अंशांहून जास्त फरक असेल तर आधी सेन्सर मध्यभागी, शेंड्याच्या उंचीवर, पांढऱ्या हवेशीर आडोशाखाली हलवा. पुष्कळदा एवढ्यानेच निम्मा गोंधळ मिटतो.

तपासणी २: पडदे आणि शेडनेट (खर्च शून्य)

या बिघाडात सर्वांत जास्त वेळा दोष सापडतो तो इथेच, त्यामुळे ही तपासणी घाईत उरकू नये.

नैसर्गिक वायुवीजनाच्या रचनेत हवा दोन बळांवर चालते. बाजूच्या पडद्यांतून वारा आत शिरतो, आणि आतली तापलेली, दमट, म्हणून हलकी हवा वर चढून टॉप व्हेंटमधून बाहेर पडते. खालून आत आणि वरून बाहेर हा रस्ता सलग मोकळा असावा लागतो. तो कुठेही तुटला की दोन्ही बळे निकामी होतात.

पहिला प्रश्न: बाजूचे पडदे पूर्ण उघडतात का? रोलरचा पाइप वाकलेला असतो किंवा दोरी सैल झालेली असते, आणि पडदा एका टोकाला वर, दुसऱ्या टोकाला अर्ध्यावर लोंबतो. हँडल पूर्ण फिरले म्हणून पडदा पूर्ण उघडला असे धरू नका, चारही बाजूंनी चालत जाऊन पाहा. पडदे उघडण्याची वेळही विचारा. अकरा वाजता, आत ३३ अंश झाल्यावर पडदे उघडले तर साठलेली उष्णता आणि रात्रीची सगळी वाफ एकदम बाहेर काढायची असते. थंडी सरल्यावर सकाळी साडेसात-आठलाच पडदे उघडायला हवेत. पाने त्याच वेळी कोरडी होतात.

दुसरा प्रश्न शेडनेटचा. आतली सरकती शेडनेट गटरच्या उंचीवर आडवी ओढली जाते. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत घट्ट बंद केली की पिकाच्या वर एक दुसरे छतच तयार होते. टॉप व्हेंट उघडे असते, पण ते नेटच्या वरच्या हवेसाठी. झाडांमधली दमट हवा नेटखाली अडकते. ऊन कमी होते म्हणून पीक वाचल्यासारखे वाटते आणि ओला बल्ब मात्र चढत राहतो. म्हणून प्रत्येक स्पॅनमध्ये टॉप व्हेंटच्या रेषेखाली फूट-दीड फुटाची फट ठेवा. नेट साधारण साडेदहा ते साडेतीन एवढाच वेळ ओढा आणि ढगाळ दिवशी ओढूच नका.

हे दोन बदल करून पुढच्या दुपारी पुन्हा चार आकडे घ्या. बाहेर पूर्वीसारखेच ३८ आणि २१ असताना आत ३२ आणि २६ आले, तर ओल्या बल्बमधला फरक दहावरून पाचवर आला. या पॉलीहाऊसच्या हिशेबात त्याचा अर्थ असा की आधी आतली सगळी हवा बदलायला १४-१५ मिनिटे लागत होती, आता सहा-सात लागतात. फॉगरला हातही न लावता तापमान चार अंशांनी उतरले.

तपासणी ३: इन्सेक्ट नेट आणि भोवतालचे अडथळे (खर्च मजुरीचा)

चाळीस मेशची नेट नवी असतानाही वाऱ्याचा बराचसा वेग खाते. उन्हाळ्यात रस्त्याची धूळ, फॉगरचा ओलावा आणि शेवाळ मिळून तिची भोके बुजतात. लांबून नेट शाबूत दिसते, म्हणून उदबत्तीची परीक्षा करा. फॉगर बंद ठेवून वाऱ्याच्या बाजूच्या नेटपासून आत हातभर अंतरावर पेटती उदबत्ती धरा. धूर आत, पिकाकडे ओढला गेला पाहिजे. तो सरळ वर चढत असेल, तर बाहेर वारा असूनही नेट त्याला आत येऊ देत नाही. नेट आतून बाहेरच्या दिशेने कमी दाबाच्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशरचा जोरदार झोत जवळून मारला तर विण सरकते आणि फुलकिडे, पांढरी माशी आत येतात.

फुलकिड्यांच्या भीतीने चाळीसच्या जागी पन्नास मेशची नेट बसवली असेल, तर तेवढ्याच खिडकीतून आता कमी हवा येणार हे मान्य करावे लागते. खिडकीचे क्षेत्र वाढवणे हाच त्यावरचा इलाज आहे.

बाहेर पडद्यालगत वाढलेले गवत, रचून ठेवलेले क्रेट, शेजारचा उंच ऊस किंवा केळी यांच्याकडेही पाहा. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचा वारा बहुधा पश्चिमेकडून येतो. त्या बाजूचे निदान तीन-चार मीटर मोकळे हवेत.

तपासणी ४: फॉगरची यंत्रणा (खर्च थोडा, वेळ जास्त)

कोरड्या-ओल्या बल्बमधला फरक मोठा असेल, किंवा हवा मोकळी करूनही वाटा ओल्याच राहत असतील, तर मगच इथे या.

चार तोंडांच्या नेहमीच्या फॉगरला सुमारे ४ किलो दाब लागतो. त्या दाबाला तो ताशी २८ लिटरच्या आसपास पाणी देतो आणि थेंब शंभर मायक्रॉनच्या आतबाहेर पडतात. दाब पंपाजवळ नको, सर्वांत लांबच्या लॅटरलच्या शेवटी मोजा. तिथे ३ किलोपेक्षा कमी असेल तर थेंब मोठे होतात. मोठा थेंब हवेत वाफ होण्याआधीच खाली पडतो, म्हणजे पाणी तेवढेच खर्च होते आणि थंडावा मिळत नाही. आधी फिल्टरची जाळी धुवा, मग गळती पाहा, मग पंप. नोझलवर पांढरे क्षार बसले असतील तर ते काढून सायट्रिक आम्लाच्या पाण्यात रात्रभर भिजवा आणि मऊ ब्रशने घासा. तार किंवा सुई घालू नका. भोक किंचित मोठे झाले की तो फॉगर कायमचा ठिबकतो. पंप बंद केल्यावरही थेंब गळत राहिले तर गळतीरोधक झडप बदला.

आता वेळापत्रक. वरच्या हिशेबात दुरुस्त पॉलीहाऊसला दर मिनिटाला साधारण ९ लिटर वाफ लागते. सात-आठ लिटर उन्हाच्या भाराला, बाकीची बाहेरून येणारी ३८ अंशांची हवा थंड करायला. शंभर फॉगर असतील तर ते चालू असताना मिनिटाला ४६-४७ लिटर पाणी देतात. म्हणजे पाच मिनिटांत एक मिनिट पुरेसे आहे, आणि पीक भरलेले असेल तर पानांतून होणाऱ्या बाष्पोत्सर्जनामुळे त्याहून कमी. तेही सलग मिनिटभर न देता २०-३० सेकंदांच्या तुकड्यांत द्या, म्हणजे थेंबांना विरायला वेळ मिळतो. आतल्या दोन बल्बमधला फरक ४ अंशांवर आला, म्हणजे आर्द्रता ७५ टक्क्यांच्या घरात गेली, की फॉगर बंद.

चारनंतर फॉगर चालवू नका. संध्याकाळी दमट हवा आत ठेवून पडदे लावले की रात्री फिल्म थंड होते, वाफ तिच्यावर जमते आणि पहाटे फुलांवर ठिबकते. राखाडी बुरशीला त्याहून जास्त काही लागत नाही. सूर्यास्तापूर्वी पाने हाताला कोरडी लागली पाहिजेत आणि उन्हाळ्यात पडदे रात्रीही थोडे उघडे राहिले तर उत्तमच.

जिथे दुरुस्तीने फरक पडत नाही

बाहेरचा ओला बल्बच चढा असेल तर हातात फारसे काही उरत नाही. कोकणात मे महिन्यात ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असते तेव्हा बाहेरचा ओला बल्ब २८ च्या पुढे असतो. परिपूर्ण फॉगरही हवेला त्याखाली नेणार नाही आणि प्रत्यक्षात तिथपर्यंतही नेणार नाही. अशा हवेत आणि सगळीकडेच पावसाळ्यात सावली आणि वारा एवढीच साधने आहेत, फॉगर बंद ठेवावा.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

तपासणी १ ते ४ पूर्ण झाल्या, नेट धुतलेली आहे, पडदे पूर्ण उघडतात, आणि तरी वारा असलेल्या दुपारी आतला ओला बल्ब बाहेरच्यापेक्षा सात-आठ अंशांनी वर आहे, तर दोष रचनेत आहे. टॉप व्हेंट अरुंद असेल, वाऱ्याकडे तोंड करून असेल, किंवा पॉलीहाऊस वाऱ्याच्या दिशेने इतके रुंद असेल की हवा मध्यापर्यंत पोहोचतच नाही. बाजूच्या आणि वरच्या खिडक्यांचे एकूण क्षेत्र मोजा. ते जमिनीच्या क्षेत्राच्या २० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर कोणत्याही वेळापत्रकाने हा प्रश्न सुटणार नाही. पण म्हणून स्वतः फिल्म कापून खिडकी वाढवू नका. फिल्मचा ताण आणि सांगाड्याची वाऱ्याला टिकण्याची ताकद एकमेकांशी बांधलेली असते. चुकीच्या जागी उघडलेल्या छतात वळवाचा वारा शिरला तर सांगाडा उचलला जातो. हे काम पॉलीहाऊस उभारणाऱ्या अभियंत्याचे आहे. त्याला चार आकड्यांची आठवडाभराची नोंद दाखवा, त्याला तिचा थेट उपयोग होतो.

छताचे कोणतेही काम करायला गटरवर किंवा पाइपवर चढू नका. चार-साडेचार मीटर उंचीवरचा ओला जीआय पाइप पाय टिकू देत नाही. थ्री-फेज पंपाची मोटर गरम होत असेल, स्टार्टर वारंवार पडत असेल किंवा कंट्रोलरच्या पेटीत ओल दिसली, तर मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियन येईपर्यंत पडदे आणि शेडनेट यांच्यावरच काम चालवा. फॉगरविना दोन-तीन दिवस दांडे थोडे आखूड येतील, पण हवा मोकळी असेल तर पीक तग धरते.